'फिट आली' यापुढचं वाक्य

मुरूड तालुक्यातल्या माझ्या दवाखान्यात आठवड्यातून एखादा तरी मोबाईल माझ्यापुढे धरला जातो. "डॉक्टर, बघा, फिट आली होती." स्क्रीनवर कुणीतरी जमिनीवर पडलेलं असतं, भोवती माणसांची धावपळ, कुणी चप्पल हुंगवतंय, कुणी दातांत चमचा घालतंय. हा व्हिडिओ मुंबईच्या न्यूरॉलॉजिस्टला दाखवायचा असतो. इथून परळला पेशंट न्यायचा तर रस्त्याने दीडशे किलोमीटर, आणि पावसाळ्यात मांडवा-गेटवेच्या लाँचही बंद. त्यामुळे आधी व्हिडिओ जातो आणि पेशंट मागून. म्हणूनच मला वाटतं, व्हिडिओसोबत चार ओळींचं वर्णन गेलं पाहिजे, आणि ते वर्णन लिहिणं ही वैद्यकीय तपासणीच आहे.

अडचण शब्दापासून सुरू होते. आपल्याकडे फिट, झटका, आकडी, फेफरं, मिरगी हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. उभ्या उभ्या चक्कर येऊन पडलेल्या माणसाचे हातपायही काही सेकंद उडतात, कारण मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं. त्यालाही लोक फिट म्हणतात. मानसिक ताणातून येणाऱ्या, पण मुद्दाम न केलेल्या झटक्यांनाही फिटच म्हणतात. अपस्मार, चक्कर आणि हे ताणाचे झटके या तिन्हींचे उपचार मात्र पूर्ण वेगळे आहेत. म्हणून वर्णनात 'फिट' हा शब्दच नको. तो निष्कर्ष आहे, आणि निष्कर्ष काढणं तज्ज्ञाचं काम. आपण फक्त जे दिसलं ते लिहायचं.

एक प्रसंग सांगतो. सतरा वर्षांचा मुलगा, कोळीवाड्यातला. त्याच्या बहिणीने काढलेला बावन्न सेकंदांचा व्हिडिओ माझ्याकडे आला. तो सुरू होतो तेव्हा मुलगा आधीच जमिनीवर पडलेला असतो. पहिली सात-आठ सेकंदं अंग ताठ, डोळे उघडे. मग दोन्ही हातपाय एका तालात उडू लागतात. शेवटी दोन झटक्यांमधलं अंतर वाढत जातं, आणि पंचेचाळिसाव्या सेकंदाला अंग सैल पडून घोरल्यासारखा श्वास सुरू होतो. हा अपस्माराचा झटका असण्याची शक्यता मोठी. ताणातल्या झटक्यांत डोळे बहुधा घट्ट मिटलेले असतात, हालचाल थांबून पुन्हा सुरू होते, मान इकडून तिकडे हलत राहते. चक्कर येऊन पडलेल्याचं अंग सहसा वीस सेकंदांच्या आत शांत होतं आणि माणूस लगेच ओळखीने बोलू लागतो. यातलं कुठलंही एकच लक्षण पुरेसं नसतं. सगळी मिळून चित्र बनतं.

पण खरा प्रश्न व्हिडिओच्या आधीचा होता. सगळं अंग एकदम उडालं, की कुठून तरी सुरुवात होऊन पसरलं? मोबाईल हातात घेईपर्यंत ती सुरुवात निघून गेलेली असते. मी आईला विचारलं, "ताई, पडायच्या आधी तो काय करत होता?" ती म्हणाली, "जाळं विणत होता. डावा अंगठा नाचायला लागला. तो स्वतःच बघत होता, 'आई, बघ' म्हणाला. मग हाक मारली तर बोलेना. तोंड डावीकडे ओढलं, आणि पडला." आणि नंतर? "अर्धा तास डावा हात लुळा होता, पेला धरता येईना."

मी व्हिडिओसोबत हेच पाठवलं, तिच्याच क्रमाने, वेळेसह. न्यूरॉलॉजिस्टचा पहिला प्रश्न होता, "डावा नक्की?" कारण अंगठ्यापासून सुरू होऊन पसरणारी आकडी आणि नंतरचा लुळेपणा मेंदूच्या उजव्या बाजूकडे बोट दाखवतो. एमआरआय करायला सांगितला गेला. त्यात उजव्या बाजूला, हाताची हालचाल सांभाळणाऱ्या भागात, छोटा डाग सापडला. औषधही त्यानुसार निवडलं. फक्त व्हिडिओ गेला असता तर 'सर्वांगाची आकडी' एवढंच कळलं असतं. औषधाच्या निवडीत याने फरक पडतो. किशोरवयातल्या एका प्रकारच्या अपस्मारात सकाळी उठल्यावर हात दचकून कप उडतो. त्यात कार्बामाझेपिन दिलं तर दचकणं वाढू शकतं. तेच औषध एका जागेपासून सुरू होणाऱ्या आकडीत चांगलं चालतं.

लंडनच्या ह्युलिंग्ज जॅक्सनने 1870 मध्ये आकडीवर लिहिलं, तेव्हा कॅमेरा खिशात नव्हता आणि मेंदूच्या विद्युतलहरी माणसात नोंदवल्याचा हान्स बर्गरचा लेख यायला 1929 उजाडायचं होतं. झटका कुठून सुरू झाला आणि कसा पसरला याच्या बारीक निरीक्षणावर त्याने मेंदूतली जागा ओळखण्याचा मार्ग दाखवला. त्या आईने नकळत तेच केलं होतं. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात 44 पेशंटचे मोबाईल व्हिडिओ तज्ज्ञांनी पाहिले. केवळ व्हिडिओवरून केलेलं निदान दहापैकी सुमारे नऊ वेळा बरोबर निघालं, आणि माहितीची जोड मिळाल्यावर ते आणखी सुधारलं. म्हणजे व्हिडिओ आणि शब्द एकमेकांना पूरक ठरतात.

'डावा नक्की?' हा प्रश्न क्षुल्लक नव्हता. पुढच्या कॅमेऱ्याने घेतलेलं चित्र काही फोनमध्ये आरशासारखं उलटं जतन होतं, आणि डावा हात उजवा दिसतो. म्हणून मागचा कॅमेरा वापरा आणि तोंडाने बोला: "डावा हात उडतोय." चेहरा आणि हातपाय सगळे चौकटीत येऊ द्या. दिवा लावा, कारण अंधारात काही फोन दर सेकंदाला कमी चित्रं टिपतात आणि थरथर पुसट होते. पेशंटला नावाने हाक मारा, एखादा शब्द सांगा, नंतर तो आठवतो का ते विचारा. शुद्ध होती की नाही, हे यावरून कळतं. झटका थांबल्यावरही दोन मिनिटं चित्रण चालू ठेवा. मात्र हे दुसऱ्या माणसाने करायचं. पहिल्याने पेशंटला कुशीवर वळवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबलं नाही तर व्हिडिओ विसरून थेट इस्पितळ.

मोबाईलवर कंपही टिपता येतो, पण त्याचं गणित वेगळं. तिथे घाई नाही, म्हणून हालचाल मुद्दाम घडवून टिपता येते. हात मांडीवर सैल ठेवून पेशंटला शंभरापासून उलटं मोजायला लावा. पार्किन्सनचा कंप बहुधा अशा वेळी उमटतो. मग हात पुढे धरायला सांगा, कपात पाणी ओतायला लावा. तिथेच वाढणारा कंप वेगळ्या जातीचा. "हात थरथरतो" यापेक्षा "मांडीवर थरथरतो, कप उचलताना थांबतो" हे वाक्य तज्ज्ञाला कितीतरी जास्त सांगतं.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवायला हवी. झटक्याच्या व्हिडिओत माणूस सर्वात असहाय असतो, कपडे विस्कटलेले असतात, लघवी झालेली असते. तो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवण्यासाठी नसतो. शुद्धीवर आल्यावर त्याला दाखवा, पाठवू का विचारा, आणि काम झाल्यावर शेजाऱ्यांच्या फोनमधूनही पुसून टाका.

त्या आईला मी पुढच्या खेपेला एक वही दिली. तिच्या पहिल्या पानावर तिने मुलाकडून लिहून घेतलं आहे: "डावा अंगठा. मग तोंड. मग पडला." त्या तीन वाक्यांत 'फिट' हा शब्द कुठेच नाही.