शेरा

केंद्र सरकारच्या नोकरीत माणूस साठाव्या वर्षी निवृत्त होतो, पण वाढदिवसाला नव्हे, त्या महिन्याच्या अखेरीला. म्हणून या गोष्टीतल्या सातारच्या पोस्टमनची शेवटची फेरी ३० एप्रिलला निघाली. सकाळी त्याने नेहमीसारखी बीटची डाक घरांच्या क्रमाने लावली. विम्याची पत्रं, बँकेची कार्डं, एक पासपोर्ट, पाच रजिस्टर.

पहिल्या वाड्यातल्या काकूंनी पाण्याबरोबर आज गुळाऐवजी करंजी ठेवली. कोपऱ्यावरच्या शिंप्याने न विचारताच त्याच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली आणि उसवलेल्या बंदावर मशीन मारून परत दिली. दोघंही निरोपाचं काही बोलले नाहीत.

पुढे किराण्याचं दुकान होतं. तिथे तीन वर्षं बोलणं बंद.

न घेतलेल्या रजिस्टरवर पोस्टमनला कारण लिहून तारखेसह सही करावी लागते. ‘घर बंद’, ‘स्थलांतर’, ‘घेण्यास नकार’ असले ते शेरे. नकार असेल तर नोटीस मिळालीच असं कोर्ट धरतं. घर बंद असेल तर निदान वाद घालायला जागा राहते. कर्जाच्या थकबाकीची नोटीस आली, तेव्हा दुकानदार गल्ल्यावर बसूनच म्हणाला होता, “घर बंद लिहा ना. तुमचं काय जातंय?” खरंच, पोस्टमनचं काही जात नव्हतं. महिन्याचं तेल-मीठ तो याच दुकानातून उधारीवर नेत होता. तरी त्याने ‘घेण्यास नकार’ लिहिलं. त्या संध्याकाळी उधारी चुकती केली आणि पुढचा किराणा दुसरीकडून भरला. तिकडे साखर महाग पडायची, हेही सांगायला हवं.

आजच्या पाचांत एक रजिस्टर पुन्हा त्याच दुकानाचं होतं.

“शेठ, रजिस्टर आहे.”

दुकानदाराने पाकिटावरचा बँकेचा शिक्का पाहिला. फडक्याला हात पुसले आणि मोबाइलच्या पडद्यावर बोटाने वेडीवाकडी सही केली. पाकीट न फोडता वजनाखाली सारलं. मग म्हणाला, “बसा. चहा सांगितलाय.” पोस्टमन पोत्यावर बसला. चहा येईपर्यंत दोघं उन्हाळ्याबद्दल बोलले.

शेवटचं घर गुरुजींचं. त्यांना आज काहीच नव्हतं, उलट त्यांनीच पन्नास पैशांचं कार्ड पुढे केलं. “एवढं पेटीत टाकशील?”

पत्ता पोस्टमनच्याच घरचा होता.

कार्डावरचा मजकूर उघडाच असतो. नोकरीत आपण कधीच कुणाचं कार्ड वाचलं नाही, असा त्याचा दावा नव्हता. हे मात्र त्याने मजकूर खाली करून गठ्ठ्यात ठेवलं. ऑफिसात हिशेब दिला, बंद घरांची दोन रजिस्टर शेरा मारून जमा केली आणि बाहेर पडताना कार्ड दारातल्या लाल पेटीत टाकलं. त्याचं घर गोडोलीत. तिथल्या बीटला नवी मुलगी लागली आहे, दुपारी दीडला तिची स्कूटी गल्लीत शिरते.