लक्षण की लपवणूक?

अमिताव घोष यांच्या ‘द शॅडो लाइन्स’ (1988) या कादंबरीत त्रिदीबचा मृत्यू ही मध्यवर्ती घटना आहे, आणि ती शेवटपर्यंत सरळ सांगितलेली नाही. 1964 साली ढाक्यात त्याला जमावाने मारले. निनावी निवेदक तेव्हा कलकत्त्यात शाळेत जाणारा मुलगा. वडील त्याला सांगतात की तो अपघात होता. पुढे लंडनमध्ये त्रिदीबचा धाकटा भाऊ रोबी आपले स्वप्न सांगतो, आणि अगदी शेवटी त्या प्रसंगाची साक्षीदार मे बोलते. मधली पाने काळात मागेपुढे उड्या घेत राहतात.

अशा तुटक रचनेसाठी आघात-सिद्धांत एक उत्तर देतो. कॅथी कारूथ यांनी 1996 च्या ‘अनक्लेम्ड एक्स्पीरियन्स’मध्ये फ्रॉइडच्या आधाराने मांडले की भयंकर घटना घडते तेव्हा ती मनाला पूर्ण कळतच नाही, ती नंतर, स्वप्नांतून आणि पुनरावृत्तीतून परत येते. त्यामुळे खंडितता ही केवळ लेखकाची शैली उरत नाही. जखमी मनाचे लक्षणच कादंबरीच्या रूपात उतरलेले असते.

रोबीच्या बाबतीत हे मला पूर्ण पटते. गाडी, वाट अडवणारा जमाव, मागून येणारी म्हाताऱ्या आजोबांची रिक्षा. वर्षानुवर्षे तेच स्वप्न. त्यात नवी माहिती येत नाही, दृश्य जुने होत नाही, आणि मोठा झालेला, अधिकारपदावर असलेला रोबी त्यात पुन्हा लहान मुलगाच असतो. लक्षण ओळखायची माझ्या मते हीच खूण: ते परत येते, पण पुढे सरकत नाही.

निवेदकाची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्याने त्रिदीबला मरताना पाहिलेले नाही. त्याच दिवसांत कलकत्त्यात उसळलेली दंगल त्याला नीट आठवते: पाण्यात विष कालवल्याची अफवा, शाळेची बस, रस्त्यावरचा जमाव. त्याला माहीत नाही ते एवढेच, की कलकत्त्यातली ती दंगल आणि ढाक्यातला तो मृत्यू ही एकाच साखळीची दोन टोके आहेत. हे कळायला त्याला पंधरा वर्षे लागतात.

आणि कळते ते स्वप्नात नव्हे, ग्रंथालयात. मित्रांशी बोलताना लक्षात येते की 1962 चे युद्ध सगळ्यांना आठवते, 1964 च्या दंगली कुणालाच नाही. तो दिल्लीत जुनी वर्तमानपत्रे चाळतो. मद्रासच्या कसोटी सामन्याची त्याची आठवण खरी ठरते. कुंदरनने त्यात शतक ठोकले होते. त्याच दिवसाच्या अंकात त्याला खुलन्यातल्या दंगलीची बातमी सापडते. डिसेंबर 1963 मध्ये श्रीनगरच्या हजरतबलमधून पवित्र अवशेष चोरीला गेला. त्या निषेधातून पूर्व पाकिस्तानात हिंसा पेटली आणि कलकत्त्यात तिचे प्रत्युत्तर उमटले. खुद्द श्रीनगरमध्ये हिंदू, मुस्लिम आणि शीख एकत्र रस्त्यावर आले होते.

ही फट जुना अंक उघडताच भरते. जी फट कागदाने भरते ती मनाची जखम नव्हे. ती बाहेरून पाडलेली आहे: वडिलांच्या एका खोट्या शब्दाने, युद्धे लक्षात ठेवून दंगली विसरणाऱ्या समाजाने, आणि ढाक्याची बातमी ‘परदेशी’ ठरवणाऱ्या सीमेने. कादंबरीच्या रचनेतली सर्वांत मोठी चीर बरोबर त्या सीमेवरून जाते. म्हणूनच निवेदक शेवटी नकाशावर कंपास ठेवून वर्तुळे काढतो आणि चकित होतो: श्रीनगरपेक्षा चीनमधले चेंगडू कलकत्त्याला जवळ आहे.

हा भेद मला नैतिक वाटतो. लक्षणाला कर्ता नसतो, ते होते. लपवणुकीला कर्ता असतो. सगळ्या खंडिततेला लक्षण म्हटले की वाचक डॉक्टर होतो, निवेदक रुग्ण, आणि ज्यांनी मौन पाळले किंवा पाळायला लावले ते खोलीबाहेर निघून जातात. घोष यांनी स्वतः लिहिले आहे की 1984 च्या दिल्लीतल्या शीखविरोधी हिंसाचाराच्या अनुभवातून ही कादंबरी आली. त्या हिंसाचाराबद्दल आपण ‘देशाला बसलेला धक्का’ असे म्हणतो, तेव्हा धक्का देणाऱ्यांची नावे वाक्यातून अलगद गळतात.

वडिलांचे खोटे बोलणे क्रूर नव्हते, हे मान्य. मुलाला वाचवण्यासाठीच ते होते, आणि कदाचित स्वतःलाही. तिथे लक्षण कुठे संपते आणि लपवणूक कुठे सुरू होते, हे सांगणे कठीण आहे. पण म्हणून प्रश्न सोडता येत नाही. तुटलेले पान समोर आले की मी आता दोन गोष्टी विचारतो: हे कुणाला सांगता येत नाही? आणि हे कुणाला सांगू दिले गेले नाही? रोबीला पहिला प्रश्न विचारावा लागतो. दुसरा आपल्या सगळ्यांना.