दोरीचं दुसरं टोक

पत्ता लिहायची वेळ आली की काकी गप्प व्हायची. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, आणि पत्त्याशिवाय पत्र जायचं नाही. मग ती फळीवरचा पत्र्याचा डबा काढायची, त्यातून मनिऑर्डरची जुनी कुपनं बाहेर यायची आणि त्यांवरच्या पाठवणाऱ्याच्या नावावर बोट ठेवून ती म्हणायची, "ह्यां बघ, ह्यांच लिव."

साल 1976. मी सहावीत होते. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीत निम्म्याहून जास्त घरांतले पुरुष मुंबईला गिरणीत होते आणि माझं अक्षर बरं म्हणून चार-पाच घरांची पत्रं माझ्याकडे असत. काकीचं घर आमच्या शेजारचं. काका 1963 साली, लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी, मुंबईला गेले आणि लालबागला गावमंडळाच्या खोलीत राहू लागले.

एकमेकांच्या बोलण्याला मुकलेल्या नवरा-बायकोचं पत्र म्हटलं की दोघांतलं खाजगी काही डोळ्यांपुढे येतं. आमच्या वाडीतल्या पत्रात किमान चार माणसं असत. सांगणारी काकी, लिहिणारी मी, तिकडे वाचून दाखवणारा खोलीतला कोणी शिकलेला गाववाला, आणि ऐकणारे काका. काकांना सहीपुरतं आणि आकड्यांपुरतं लिहिता येई, सलग पत्र वाचणं जमत नसे. खोलीत पंधरा-वीस माणसं, तीन पाळ्यांची. एक पाळी कामावर, एक झोपलेली, एक जेवायला खाणावळीत. पत्र आलं की जागे असतील ते सगळेच ऐकत. एकाच्या घरचं पत्र म्हणजे सगळ्या वाडीची खबर. इकडे मी लिहीत असताना काकीची सासू ओटीवर सुपारी कातरत बसलेली असे. "तुमची आठवण येते" हे वाक्य अशा ठिकाणी कोण उच्चारील?

तरीही काकी पोस्टकार्ड घेत नसे. कार्ड स्वस्त, पण उघडं. ती निळं अंतर्देशीय घ्यायची, त्याच्या घड्या घालून कडा भाताच्या शिताने स्वतः चिकटवायची. मला तेव्हा वाटे, मजकूर तर गाय व्याली, कौलं शाकारली, आत्याच्या मुलाचं ठरलं एवढाच, मग जास्तीचे पैसे कशाला? आज कळतं की बंद करण्यासारखं काही त्यात आहे, हे तिने नवऱ्याला कळवण्याची ती एक रीत होती. मजकूर खोलीभर वाचला जाणार हे तिलाही ठाऊक होतं. पण चिकटवलेली कड पहिल्यांदा काकांच्या हातांनी उघडली जाणार होती.

त्या पौषातलं पत्र मला शब्दाशब्दाने आठवतं, कारण त्यात मी चूक केली. नमस्कार, खुशाली, म्हातारीचा खोकला, पाडसाची हकिकत झाली. मग काकी म्हणाली, "लिव, औंदा कवळ तोडायला मी एकटीच गेलंय. भारा बांधताना दोरी दुसऱ्या अंगानं ओढायला कोन नव्हता."

कवळ म्हणजे ऐन-किंजळीच्या कोवळ्या फांद्या. कोकणात भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात. हिवाळ्यात कवळ तोडून वाळवायची, उन्हाळ्यात ती दाढीच्या जागेवर पसरायची, वर शेण, गवत, पातेरा, माती घालून पावसाच्या आधी पेटवायची. तणाचं बी जळतं आणि राख रोपांना मिळते. भारा एकट्याने बांधता येतो, पण घट्ट होत नाही. एकाने गुडघा रोवून फांद्या दाबायच्या, दुसऱ्याने पलीकडून दोरी खेचायची, म्हणजे डोंगर उतरताना भारा सुटत नाही. काका रजेवर असले की दोघं सकाळी डोंगरावर जात. घरात दिवसाढवळ्या नवरा-बायकोने बोलत बसायची पद्धत नव्हती. डोंगरावर सासू नाही, दीर नाही, पोरं नाहीत. बोलायला मिळे ते तिथे.

मला हे कळायचं वय नव्हतं. मी शाळेतल्या मराठीत लिहिलं : 'शेतीची कामे व्यवस्थित चालू आहेत.' शेवटी काकीने पत्र वाचायला सांगितलं, डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "दोरीचा लिवलंस काय गो बाय?" मी म्हटलं, त्यात काय कळवायचं? ती रागावली नाही. "तां आधी लिव," एवढंच म्हणाली. आतली जागा भरली होती, म्हणून घडीच्या चिंचोळ्या पट्टीवर, कड चिकटण्यापुरती जागा सोडून, मी ते वाक्य तिच्याच शब्दांत बसवलं.

पुढे अनेक वर्षं या वाक्याचा विचार करत आले आणि मला वाटतं, पत्रातून खबर जाते, बोलणं जात नाही. खबरीला निमित्त लागतं. कोणी आजारी पडावं, काही विकलं जावं. बोलण्याला असं काहीच लागत नाही. त्या फांदीवर मुंगळे आहेत, खालच्या वाटेने कोण चाललंय, काल आमटी खारट झाली. असलं पत्रात लिहावं असं कोणाला वाटत नाही आणि दोन माणसांचा संसार बराचसा असल्या बोलण्यावरच उभा असतो. काकीकडे कळवायला पुष्कळ होतं. न कळवण्यासारखं जे साठत होतं, ते कुठे ठेवायचं हा तिचा प्रश्न होता. आज मुंबई-पुण्यात एका छताखाली राहून वेगवेगळ्या पाळ्यांत काम करणारी जोडपी दूध, फी आणि गॅसचे निरोप फोनवर टाकतात, तेव्हा मला ते निळं पत्र आठवतं.

महिन्याभराने मनिऑर्डर आली. फॉर्मच्या तळाशी निरोपाला चार बोटं जागा असे. पोस्टमनने पैसे मोजून दिले, पोचपावतीवर काकीचा अंगठा घेतला. ती पावती पाठवणाऱ्याकडे परत जाई, म्हणजे दर महिन्याला बायकोच्या अंगठ्याचा ठसा काकांच्या हाती पडत असे. मग पोस्टमनने कुपन फाडून वाचलं : 'शिमग्याला येतो. वरल्या धारेची कवळ ठेव.' सासू म्हणाली, कवळीचं काय एवढं? काकीने कुपन डब्यात टाकलं आणि त्या धारेला कोयता लावला नाही.

काकांच्या रजेचा हिशेब मी एकदा मांडला होता. कारखाना कायद्याप्रमाणे वीस दिवस कामाला एक दिवस पगारी रजा. वर्षाला तीनशे दिवस भरले तर पंधरा. 1963 ते 1982 या एकोणीस वर्षांत 285 दिवस. बिनपगारी दिवस घेतले तरी दोघांच्या वाट्याला आलेला सगळा काळ वर्ष-दीड वर्षाचा. पहिली काही वर्षं काका बदलीवर होते. तेव्हा तर गावी जास्त राहणं म्हणजे दारावरचा नंबर घालवणं.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि लांबत गेला. खोल्या ओस पडू लागल्या, माणसं गावाकडे आली. त्या पावसाआधी काकाही आले ते परत गेलेच नाहीत. काकीला आता पत्राची गरज उरली नव्हती. पण ओटीवर काका बसत ते मुकाट्याने. पैशाची विवंचना होतीच. शिवाय एवढ्या वर्षांत दोघांच्याही बोलण्याला पत्राचं वळण लागलं होतं. खुशाली सांगून झाली की पुढे काय, ते सुचत नसे. काकी माझ्या आईला म्हणाली, "मानूस घरात आलाय, पन अजून वाटंवरच हाय."

हिवाळ्यात मी बारावीचा अभ्यास घेऊन मागच्या पडवीत बसत असे. एका सकाळी वरच्या धारेवरून कोयत्यांचे आवाज येऊ लागले, दोन, आळीपाळीने. मग ते थांबले आणि काकीचा आवाज आला. दोरी ढिली धरल्याबद्दल ती काकांना फटकारत होती. काका काहीतरी म्हणाले, ती त्यावर बोलली, ते पुन्हा म्हणाले. मला शब्द कळत नव्हते. बराच वेळ ते चालू होतं, आणि भारा काही खाली येत नव्हता.