पहिला शेरा

शांताबाई कृष्णाजी कांबळे १९८१ साली नोकरीतून निवृत्त झाल्या आणि मग लिहायला बसल्या. सांगोला तालुक्यातलं महूद हे त्यांचं गाव, जन्म १९२३चा. १९४२मध्ये त्या सोलापूर जिल्हा बोर्डाच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागल्या. त्यानंतर दहा वर्षांनी पुण्याला जाऊन त्यांनी दोन वर्षांचं ट्रेनिंग पुरं केलं आणि १९५७पासून जत तालुक्यात शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून काम केलं. निवृत्तीनंतर लिहिलेलं त्यांचं आत्मकथन १९८३मध्ये ‘पूर्वा’ या नियतकालिकात आलं. १९८६मध्ये ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ या नावाने त्याचं पुस्तक झालं आणि १९९०मध्ये त्यावरची ‘नाजुका’ ही मालिका दूरदर्शनवर दाखवली गेली. दलित स्त्रीने लिहिलेल्या अगदी पहिल्या आत्मकथनांमध्ये या पुस्तकाची गणना होते.

या सनावळीत एक गोष्ट सहज निसटून जाते. विस्तार अधिकाऱ्याचं काम म्हणजे शाळा तपासणं. शाळेत जायचं, हजेरीपट बघायचा, मास्तरांची टाचणवही चाळायची, चौथीतल्या एखाद्या पोराला उभं करून वाचायला लावायचं आणि निघण्यापूर्वी शेरेबुकात शेरा लिहायचा. तो शेरा मुख्याध्यापक वाचणार, त्याची पूर्तता केल्याचं लिहून देणार आणि पुढच्या भेटीत त्यावरूनच बोलणं सुरू होणार. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या कामावर शेरे देणारा हात निवृत्तीनंतर स्वतःबद्दल लिहितो, ते छापून येतं, आणि आता शेरा मारायची पाळी वाचकाची असते. अधिकारी नसलेल्या साध्या शिक्षिकेचंही हेच असतं. तिने तीस-पस्तीस वर्षं वह्या तपासलेल्या असतात. आपली वही मात्र तिने कुणापुढे ठेवलेली नसते.

म्हणून निवृत्त बाईंचं लेखन पहिल्याच पानावर अडतं, तेही ठरावीक जागी. भाषा अहवालाची होते. ‘त्या काळी परिस्थिती अत्यंत बिकट होती’, ‘सहकाऱ्यांचे मोलाचे सहकार्य लाभले’, ‘विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासासाठी विविध उपक्रम राबवले’. सगळी वाक्यं शुद्ध आणि प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी एक बोध. लेखन कुठे बिघडलं हे ओळखायची एक साधी रीत आहे. त्यातली माणसांची नावं वेगळी काढावीत. सभापती, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी यांची नावं असतील आणि एकाही पोराचं नसेल, तर बाईंनी आपलं सेवापुस्तक पुन्हा लिहून काढलं आहे. पैसे आणि भाकरी या दोन गोष्टी शोधाव्यात. पगार किती होता, तो कधी रखडला, पोरं डब्यात काय आणायची, हे जिथे नाही तिथे बिकट परिस्थिती नुसती सांगितली जाते, दिसत नाही.

शांताबाईंच्या पुस्तकात भूक जागोजागी आहे, आणि ती गोळाबेरीज करून सांगितलेली नाही. घरात त्यांना नाजा म्हणत. पुस्तकात ही नाजा वाढत जाते, शाळेत जाते, लग्न करते, नवऱ्याने दुसरं लग्न केल्यावर माहेरी परत येते आणि पुढे शिक्षिका होते. भाषाही त्यांनी वर्गात शिकवायची ठेवली नाही, सांगोल्याकडची बोली ठेवली. पुस्तकाच्या नावातले पहिले दोन शब्द एखाद्या पोराने वहीत असेच लिहिले असते, तर त्याखाली तांबडी रेघ आली असती. आयुष्यभर प्रमाण मराठी शिकवलेल्या बाईने निवृत्तीनंतर हे नाव मुखपृष्ठावर छापू दिलं. त्यातलं धैर्य नीट ध्यानात घ्यायला हवं. शुद्धलेखनावर ज्यांची नोकरी आणि मान दोन्ही उभे असतात, त्यांना बोली लिहिणं इतरांपेक्षा जड जातं.

आता वाचकाकडे वळू. ऐंशीच्या दशकात वाचकाचा शेरा बहुधा पोस्टकार्डावर यायचा, पंधरा पैशांच्या. लेखकाचा पत्ता वाचकापाशी नसे, म्हणून कार्ड संपादकाकडे जाई आणि तिथून लेखकाकडे. अंक येऊन महिना-दीड महिना उलटल्यावर ते हाती पडायचं. त्या कार्डांचे ढोबळमानाने दोन प्रकार असत. पहिल्यात ‘लेख वाचला, फार आवडला, असेच लिहीत राहा’ एवढंच. असं कार्ड आनंद देतं, आणि तो खराच असतो. पण त्या वाचकाने लेखातलं नेमकं काय घेतलं, हे त्यावरून समजत नाही. तेच कार्ड दुसऱ्या कुठल्याही लेखाला धाडता येईल.

दुसऱ्या प्रकारचं कार्ड लेखनातल्या एखाद्या जागेवर बोट ठेवतं. तिथे लिहिणारा आपलं काहीतरी सांगतो, किंवा लिहिलेलं दुरुस्त करतो. निवृत्त शिक्षिकेला हवं असतं ते हे.

एक उदाहरण रचून पाहू. समजा, १९६०च्या आसपास नोकरीला लागलेल्या एका बाईंनी आपल्या पहिल्या शाळेबद्दल लिहिलं. पहिल्या खर्ड्यात वाक्य होतं: ‘शाळेला स्वतःची इमारत नव्हती व भौतिक सुविधांचा अभाव होता.’ त्यांनी ते खोडून लिहिलं: ‘शाळा मारुतीच्या देवळात भरायची. पावसाची झड आत आली की पाटीवरची अक्षरं जायची, म्हणून पोरं पाट्या सदऱ्याखाली धरून बसायची.’ हे छापून आलं आणि पहिलं पत्र आलं ते त्याच शाळेतल्या, आता पन्नाशी ओलांडलेल्या एका विद्यार्थ्याचं. त्यात एवढंच होतं: ‘बाई, तुम्ही लिहिलेलं सगळं खरं आहे. पण आम्ही चौघे देवळात बसत नव्हतो. आम्ही बाहेर पारावर बसायचो. पाऊस आला की आम्ही घरी जायचो.’

हे पत्र पहिलं वाक्य तसंच राहिलं असतं तर आलंच नसतं. ‘भौतिक सुविधांचा अभाव’ यात पारही नाही आणि देऊळही नाही, मग दुरुस्त करायचं काय? पाट्या सदऱ्याखाली धरलेली पोरं दिसली, तेव्हा त्या विद्यार्थ्याला त्या चित्रात आपण नाही हे दिसलं. बाईंचं वाक्य खोटं नव्हतं. त्यांनी तोंड वर्गाकडे करून शिकवलं होतं आणि पार त्यांच्या पाठीमागे होता. मुंबई प्रांतात हरिजनांच्या मंदिरप्रवेशाचा कायदा १९४७ सालीच झाला होता. पण गावातली देवळं कायद्यासरशी उघडली नाहीत आणि देवळातल्या शाळाही नाहीत.

अशा पत्राने लिहिणाऱ्या बाईंना धक्का बसतो. पुष्कळ जणी इथेच लेखणी खाली ठेवतात. काही जणी खुलासा लिहितात, ‘माझा तसा हेतू नव्हता’ असा, आणि मग सगळं लक्ष त्या विद्यार्थ्यावरून उठून बाईंच्या मनावर जातं. दोन्ही वाटा समजण्यासारख्या आहेत, पण दोन्हींत ते पत्र वाया जातं. त्याने उत्तर मागितलेलं नसतं. त्याने पुढचा मजकूर दिलेला असतो.

फ्रँक मॅकोर्टचं उदाहरण इथे उपयोगी पडतं. न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांमध्ये त्याने सुमारे तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. निवृत्तीनंतर, वयाच्या साठीत, आयर्लंडमधल्या लिमरिक गावातल्या आपल्या दरिद्री बालपणावर त्याने ‘अँजेलाज अॅशेस’ लिहिलं. १९९६मध्ये पुस्तक आलं आणि पुढच्याच वर्षी त्याला पुलित्झर मिळालं. जगभर कौतुक होत असताना लिमरिकमधले काही लोक चिडले. एवढी गरिबी नव्हती, आमच्या गावाची बदनामी केली, असं ते उघड बोलले. त्याच लिमरिकच्या विद्यापीठाने त्याला मानद पदवीही दिली. गावाचा राग आणि गावाचा मान दोन्ही एकाच कारणाने आले. त्याने गल्ली, घर, पाणी भरलेला तळमजला हे सगळं नावानिशी लिहिलं होतं. नाव घेतलं की त्या नावाचा माणूस उत्तर द्यायला उभा राहतो.

आपल्याकडे दलित आत्मकथनांना हा अनुभव आधीच आला होता. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८चं. त्यावर शिकलेल्या दलितांतूनच एक सूर निघाला होता, की जे मागे टाकून आलो ते चारचौघांत पुन्हा कशाला उकरायचं? हा आक्षेप हलका नाही. नोकरी, शहरातलं घर, मुलांची लग्नं यांच्या मागे गाव लपवून जगावं लागलेल्या माणसाचा तो आक्षेप आहे. फलटणच्या बेबीताई कांबळे शिक्षिका नव्हत्या. त्या किराणा दुकान चालवत आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा लिहीत. लिहिलेलं त्यांनी वर्षानुवर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं होतं. मॅक्सीन बर्नसन या फलटणमध्ये राहून काम करणाऱ्या अमेरिकी अभ्यासक बाईंना ते दाखवल्यावर ‘जिणं आमुचं’ला छापखान्याची वाट मिळाली. ‘स्त्री’ मासिकातून ते क्रमशः आलं आणि मग १९८६मध्ये, शांताबाईंच्या पुस्तकाच्याच वर्षी, पुस्तकरूपाने. बेबीताईंना पहिला वाचक छपाईच्या आधी भेटला आणि तो घराबाहेरचा होता, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट. घरातला पहिला शेरा त्या वह्या बंद करणारा ठरला असता, ही त्यांची भीती होती.

शिक्षिकेची गोष्ट थोडी निराळी. तिला घरातून सहसा विरोध होत नाही, कौतुकच होतं. ‘आईने लिहायला घेतलंय’ हे पाहुण्यांना सांगितलं जातं. पण घरचं कौतुक वाक्याला हात लावत नाही. तिच्या लेखनाला खरा हात लावू शकतात ते तिचे विद्यार्थी, कारण त्या वर्गात ती सोडून दुसरे साक्षीदार तेवढेच असतात.

मग देवळातल्या शाळेबद्दलच्या त्या पत्राचं करायचं काय? चांगला संपादक असेल तर सांगेल, पुढच्या भागाची सुरुवात या पत्रानेच करा, जसंच्या तसं छापा, विद्यार्थ्याची परवानगी घेऊन. त्याआधी बाईंनी एक फेरी त्या शाळेत मारावी. जुनं जनरल रजिस्टर बहुतेक शाळांनी जपलेलं असतं, कारण दाखले अजून त्यावरूनच निघतात. त्यात नाव, जात, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण असे रकाने असतात. त्या चौघांची नावं तिथे सापडतील. हजेरीपट टिकला असेल तर जुलै-ऑगस्टची पानं उघडावीत, म्हणजे पावसाच्या दिवसांत त्यांच्या नावापुढे गैरहजेरी किती पडली ते दिसेल. ती गैरहजेरी बाईंनीच स्वतःच्या हाताने मांडलेली असेल. कोण कुठे बसत होतं, याचा रकाना कुठल्याच नोंदवहीत नसतो. तेवढं त्या चौघांना विचारावं लागेल, त्यांच्या घरी जाऊन, आणि ते सांगतील त्या भाषेत उतरवून घ्यावं लागेल.