पात्रांच्या तक्त्यातले वडील

दिवाळीनंतर आमच्या धुळे-जळगावकडच्या वर्गांतली बाकं विरळ होतात. कापूस वेचणीला मजूर मिळत नाहीत, मग एम.ए.ला बसलेली मुलंमुलीही घरच्या शेतात उतरतात. चोपड्याकडची एक विद्यार्थिनी वेचणी आटोपून वर्गात आली तेव्हा 'कोसला' निम्म्याहून अधिक शिकवून झाली होती. तिने माझ्याकडे भागवार सारांश मागितला. शेजारी बसलेले माझे सहकारी म्हणाले, "त्यात एवढं काय आहे? पांडुरंग पुण्याला जातो, परीक्षेत घसरतो, सांगवीला परत येतो. घे लिहून."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. त्यात चूक काहीच नव्हती, आणि तेच मला खटकत राहिलं.

१९६३ साली आलेली ही कादंबरी, तिचे लेखक भालचंद्र नेमाडे, त्यांचं यावल तालुक्यातलं सांगवी हे सगळं खानदेशात नव्याने सांगायला नको. नेमाडे काही काळ धुळ्यातही शिकवत होते. सारांश करणाऱ्याची अडचण वेगळी आहे. कादंबरीचे भाग सहाच आहेत आणि पानं तीनशेच्या वर. एकेका भागात सांगवी, वसतिगृह, मेस, मित्र, परीक्षा, पैसे असं इतकं येऊन जातं, की भागाला एक परिच्छेद दिला तर हाती फक्त प्रवासाचं वेळापत्रक उरतं. म्हणून मी भागांऐवजी प्रसंग धरले. जागा बदलली, नवा माणूस आला किंवा पैशाची स्थिती पालटली, की नवा प्रसंग. प्रत्येकाला चार-पाच वाक्यं आणि शेजारी पानाचा आकडा. आकडा हवाच, कारण सारांशातलं वाक्य पटलं नाही तर मुलीला मूळ पानावर जाता आलं पाहिजे.

शिकवताना मी एक भेद नेहमी करतो: काय घडलं, आणि ते कुठे उभं राहून सांगितलं. 'कोसला'त हा भेद सोडला तर सारांश हमखास फसतो. पंचवीस वर्षांचा पांडुरंग मागे वळून सांगतो, तेव्हा पुढे काय होणार हे त्याला ठाऊक असतं. मधला एक मोठा तुकडा डायरीच्या रूपात येतो. डायरी लिहिणाऱ्याला त्या दिवसापुढचं काहीच माहीत नसतं. सारांश करणारा दोन्हीकडे सारखाच भूतकाळ वापरतो आणि डायरीतल्या पोराला नकळत पंचवीस वर्षांचा करून टाकतो. ही चूक ओळखायला सोपी आहे. डायरीच्या सारांशात 'पुढे त्याला कळले' किंवा 'अखेर' असे शब्द दिसले, की समजायचं, आपण त्याच्या हाती उद्याचं पान दिलं.

मनीचा प्रसंग घ्या. पांडुरंगची धाकटी बहीण मनी देवीच्या साथीत जाते. माझ्या पहिल्या खर्ड्यात वाक्य होतं: 'मनीच्या मृत्यूने पांडुरंग खचतो व त्याचा जगण्यावरील विश्वास उडतो.' गाईडात असंच वाक्य असतं आणि परीक्षेत ते खपतं. पण यात मृत्यूची बातमी आहे आणि समीक्षकाचा निष्कर्ष आहे. पांडुरंग कुठेच नाही. मी ते खोडलं आणि घटना एका साध्या ओळीत लिहून खाली तीन प्रश्न दिले: ही बातमी त्याच्यापर्यंत कशी येते? तो घरातल्या कोणावर चिडतो? त्या पानांवर त्याची नेहमीची 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे'ची सवय टिकते का? उत्तरं मी लिहिली नाहीत.

इथे थोडं आडवळण घेतो. आजच्या वीस-बावीस वर्षांच्या मुलीला देवी हा रोग म्हणून माहीतच नसतो. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला आणि १९८० साली जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. त्यामुळे एखाद्या उत्तरपत्रिकेत मनीच्या मृत्यूला देवीचा कोप चिकटतो, आणि लिहिणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. दंडावर देवीच्या लशीचे गोल व्रण असलेली शेवटची पिढी आता पन्नाशीच्या आसपास आली आहे. तेव्हा सारांशात एक वाक्य माहितीचं घालावंच लागतं: हा संसर्गजन्य रोग होता, तो टाळणारी लस होती, आणि तरीही खेड्यापाड्यांतून मुलं जात होती. लस होती हे कळलं, की पांडुरंगच्या संतापाकडे वेगळ्या नजरेने पाहता येतं.

आता पात्रांचा तक्ता. फुलस्केप कागद आडवा धरून मी रकाने आखले: नाव, पहिल्यांदा कुठल्या पानावर, सांगवीचं की पुण्याचं, पांडुरंग त्याला कसा संबोधतो, शेवटचं कुठे दिसतं. पहिल्या ओळी मी भरल्या. गिरधर सांगवीत. सुरेश बापट, इचलकरंजीकर पुण्यात. चांगदेव पाटील या तक्त्यात कुठेच नाही, हेही खाली लिहिलं. तो 'बिढार'पासूनच्या कादंबऱ्यांचा नायक आहे आणि घाईत वाचणारे त्याला पांडुरंगमध्ये मिसळतात.

जागेचा रकाना आखताना मला वाटलं होतं, कादंबरीचे सरळ दोन गट पडतील. बहुतेकांच्या बाबतीत पडलेही. वडलांपाशी मात्र अडलो. ते सांगवीत राहतात, म्हणून ओळ सांगवीची. पण पुण्यातला मेसचा खर्च त्यांच्या पैशाचा आहे. वसतिगृहात पोरगा जो दिलदारपणा करतो तो त्यांच्या कमाईवर, आणि त्याच्या अपयशाचा हिशेब होतो तोही त्यांच्यासमोर. वडील पानावर हजर नसतात तेव्हाही पांडुरंगच्या खिशात असतात. मी आणखी एक रकाना आखला: 'समोर नसताना कशातून जाणवतो?' तो भरू लागलो तर वडलांची ओळ सहाही भागांत लांबत गेली, आणि पुण्यातले मित्र, ज्यांना मी वर्गात तासन्‌तास देतो, ते एकामागून एक संपत गेले. गेल्यानंतरही ज्यांचा रकाना भरत राहतो अशांत मनी येते. मित्रांपैकी फारच थोडे येतात.

सहकाऱ्यांना हा कागद दाखवला. ते म्हणाले, "दहा मार्कांच्या प्रश्नाला हे कोण लिहिणार? आणि तू इतका सविस्तर सारांश दिलास तर ती पुस्तक उघडणारच नाही." पहिला आक्षेप मला मान्य नाही. पांडुरंगचं स्वभावचित्र लिहिताना 'संवेदनशील, बंडखोर, एकाकी' ही विशेषणं सगळेच लिहितात. बापाच्या पैशावर बापाविरुद्ध बंड करणारा मुलगा, हे वाक्य पानाच्या आकड्यासह लिहिणारी मुलगी दहापैकी जास्त मार्क घेईल. दुसऱ्या आक्षेपाला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांचं एका वाक्याचं सार आणि माझ्या सारांशाची वीस पानं, दोन्हींचा परिणाम एकच: कादंबरी कोणीतरी आधीच वाचून ठेवली आहे.

बुडलेल्या तासांची भरपाई म्हणजे जितका भरघोस सारांश तितकी चांगली, असं धरून मी बसलो होतो. आता मला उलट वाटतं. तासाला हजर असलेल्या मुलांनाही मी गोष्ट सांगत नाही. कुठे थांबून पाहायचं ते दाखवतो. बुडालं असेल तर तेवढंच बुडालं. मग भरून द्यायचं तेही तेवढंच. गोष्ट तर पुस्तकात जशीच्या तशी आहे, ती वेचणीच्या दिवसांत कुठे गेली नव्हती.

म्हणून वीस पानांची मी सहा केली. पुण्याला जाणं, येणं, परीक्षा, घरखर्च ही जोडणारी वाक्यं ठेवली, कारण मधूनच वाचायला घेणाऱ्याला धागा लागतो. मनीच्या पानांचा सारांश काढून टाकला. तिथे फक्त पानांचे आकडे, देवीबद्दलचं एक वाक्य आणि ते तीन प्रश्न राहिले. डायरीच्या भागाचाही सारांश दिला नाही, कारण दिवस गाळून डायरी सांगितली की ती डायरी राहत नाही. तक्ता तेवढा वाढवला. त्यात नावं माझी, पहिली पानं माझी, आणि शेवटचे दोन रकाने कोरे. ते तिने भरायचे आहेत, वडलांच्या ओळीपासून सुरुवात करून.