पदवी मस्कतची, सत्र आखनचं

बारावीचा निकाल लागला की रुवी, अल् खुवैर, घुब्रा इथल्या मराठी घरांत एकच विषय निघतो. मुलाला जर्मनीला पूर्ण पदवीसाठी पाठवायचं. कोणाचा मुलगा गेला, आपला का नाही, या चढाओढीत एक साधी गोष्ट बोललीच जात नाही. ओमानमधला आपला पगार नोकरीला बांधलेला आहे आणि आपलं राहणं निवासी परवान्याला. तो परवाना ठरावीक मुदतीनंतर पुन्हा काढावा लागतो. तीन-चार वर्षांचा खर्च अशा उत्पन्नावर टाकणं म्हणजे मुलाची पदवी मालकाच्या मर्जीवर टाकणं.

जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसतं, म्हणून ती वाट स्वस्त वाटते. पण विद्यार्थी व्हिसासाठी बहुतेकांना राहण्याखाण्याचे महिन्याला 992 युरो, म्हणजे वर्षाचे 11,904 युरो, बंद खात्यात आधीच ठेवावे लागतात. पुढच्या वर्षी जर्मनीतला निवासी परवाना वाढवताना पैशाची हमी पुन्हा दाखवावी लागते. वडिलांची नोकरी दुसऱ्या वर्षी गेली तर ही हमी कुठून आणायची? ग्रॅच्युइटी मोडून? ती तर आईवडिलांच्या परतीची पुंजी असते. बहिणीचं शिक्षण त्याच पुंजीतून व्हायचं असतं, आणि अनेक घरांत पहिली कात्री तिच्याच शिक्षणाला लागते. हा अन्याय आपण मुकाट्याने करत आलो आहोत.

म्हणून एकाच सत्राच्या देवाणघेवाणीचा विचार गांभीर्याने करायला हवा. मस्कतजवळच्या हलबानमध्ये 2007 साली स्थापन झालेली जर्मन युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजी आहे आणि ती जर्मनीतल्या आखन इथल्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठाशी जोडलेली आहे. समजा, तिथे अभियांत्रिकी शिकणारी एक मुलगी तिसऱ्या वर्षी आखनला जाते. करारानुसार जाणाऱ्या विद्यार्थ्याची फी साधारणपणे मूळ विद्यापीठातच भरली जाते. सहा महिन्यांचे 5,952 युरो लागतात, म्हणजे ढोबळमानाने अडीच हजार रियालच्या वर. विमान, व्हिसा आणि सत्राची वर्गणी वेगळी. हलबानची फी चालूच राहते, ती हिशेबातून वगळू नका. चारही वर्षांची एकूण बेरीज कधी जर्मनीच्या पदवीपेक्षा जास्तही निघेल. पण परदेशासाठीची रक्कम निघण्याआधी हातात असते आणि परदेशातलं सत्र कुठल्या नूतनीकरणावर लटकत नाही.

क्रेडिटची आखणी मात्र नीट हवी, कारण सत्र वाया जातं ते इथेच. युरोपात एका सत्राचे 30 ईसीटीएस धरतात आणि एका क्रेडिटमागे 25 ते 30 तासांचा अभ्यास. मुलीने आधी मूळ विद्यापीठाच्या सत्रातले विषय लिहावेत, समोर आखनचे विषय, त्यांचे तास आणि अभ्यासक्रम. प्रत्येक जोडीवर विभागप्रमुखाची सही निघण्याआधी मिळायला हवी. तोंडी होकार चालत नाही. दोन-तीन पर्यायी विषयही मंजूर करून ठेवावेत, कारण तिथे गेल्यावर वेळापत्रक जुळत नाही किंवा विषय जर्मन भाषेत निघतो. आपल्याकडे वर्षातून एकदाच शिकवला जाणारा आणि पुढच्या विषयाची पूर्वअट असलेला विषय त्या सत्रात सुटत असेल, तर पदवी वर्षभर लांबू शकते. तो आधी शोधावा.

सत्र कोणतं निवडायचं यात बरेचजण चुकतात. जर्मनीचं हिवाळी सत्र 1 ऑक्टोबर ते 31 मार्च. तास फेब्रुवारीत संपतात आणि परीक्षा बहुधा त्यानंतर मार्चपर्यंत चालतात. तोवर मस्कतचं वसंत सत्र सुरू झालेलं असतं. परीक्षा न देता परतलं तर हाती शून्य क्रेडिट. उन्हाळी सत्र एप्रिलपासून असतं, तास जुलैत संपतात, म्हणून परीक्षा लवकर आटोपल्या तर सप्टेंबरच्या सत्राला वेळेवर येता येतं. त्यासाठी मस्कतचं वसंत सत्र सोडावं लागतं, तेव्हा विषयांच्या जोड्या त्याच सत्रातल्या लावायच्या.

आणखी एक तारीख सांभाळायची. ओमानबाहेर सलग 180 दिवसांपेक्षा जास्त राहिलं तर निवासी परवाना धोक्यात येतो, आणि 1 एप्रिल ते 30 सप्टेंबर हे 183 दिवस होतात. शेवटचा पेपर झाला की परतीचं तिकीट काढावं.

ज्या विषयाची पदवी ओमानमध्ये किंवा भारतात चांगली मिळतच नाही, तिथे पूर्ण पदवीसाठी जरूर पाठवावं, पण सगळ्या वर्षांचे पैसे आधी बाजूला काढून. बाकीच्या घरांनी निघण्याच्या वर्षभर आधी विभागाकडून विषयांची यादी मागून घ्यावी, आणि मुलगा-मुलगी दोघांसाठी तेवढीच रक्कम वेगळी ठेवावी. मस्कतच्या मराठी मंडळींनी परतलेल्या विद्यार्थ्यांना आपली गुणपत्रिका आणि खर्चाची वही समोर मांडायला बोलवावं. कोणते क्रेडिट मान्य झाले, कोणते बुडाले, हे पुढच्या घराला त्यातून कळेल.