शब्द यंत्राचे, विचार कोणाचा?

लिहिणाऱ्याची ओळख त्याच्या मजकुरात नेमकी कुठे असते, या प्रश्नाचं एक नवलाचं उत्तर 1964 साली फ्रेडरिक मॉस्टेलर आणि डेव्हिड वॉलेस या दोन संख्याशास्त्रज्ञांनी दिलं. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूने 1787-88 मध्ये टोपणनावाने छापल्या गेलेल्या 'फेडरलिस्ट' लेखमालेतले 12 लेख अलेक्झांडर हॅमिल्टनचे की जेम्स मॅडिसनचे, असा जुना वाद होता. दोघे एकाच बाजूचे, विषयही एकच. त्यामुळे 'राज्य', 'युद्ध', 'कर' असले शब्द मोजून काही हाती लागणार नव्हतं. या दोघांनी मोजले ते छोटे, बिनमहत्त्वाचे वाटणारे शब्द. हॅमिल्टन 'अपॉन' सढळपणे वापरत होता, मॅडिसन क्वचितच. अशा अनेक शब्दांची गोळाबेरीज करून त्यांनी हे लेख मॅडिसनच्या पदरात टाकले. माणूस ठरवून जे लिहितो त्यापेक्षा हात आपोआप जे लिहून जातो त्यात त्याची खूण जास्त असते, हा विचार तेव्हापासून रुजला.

हाच विचार मराठीतून इंग्रजीत यंत्राने उतरवलेल्या मजकुराला लावून पाहिला की अडचण लगेच दिसते. मराठीत 'अ' आणि 'द' ही इंग्रजी उपपदं नाहीत. इंग्रजीत जे काम 'इन', 'ऑफ', 'टू', 'बाय' हे सुटे शब्द करतात, ते आपल्याकडे -त, -चा, -ला, -ने असे प्रत्यय करतात. म्हणजे मूळ लेखकाने लिहिलेच नाहीत असे कितीतरी छोटे शब्द यंत्र स्वतःच्या हिशेबाने घालतं. लेखकाची ओळख ज्या शब्दांत शोधायची, नेमके तेच शब्द लेखकाचे नसतात. विषयाची नामं, गावांची नावं, आकडे आणि युक्तिवादाचा क्रम मात्र त्याचाच राहतो.

अनुवादाच्या अभ्यासकांना हे अगदी अनोळखी नव्हतं. मार्टिन गेलरस्टाम यांनी 1986 मध्ये इंग्रजीतून स्वीडिशमध्ये आलेल्या कादंबऱ्या मूळ स्वीडिश कादंबऱ्यांशी ताडून पाहिल्या आणि अनुवादाची स्वतःची एक वेगळी भाषा असते, असं मांडलं. पुढे 2006 मध्ये मार्को बरोनी आणि सिल्व्हिया बर्नार्दिनी यांनी संगणकाला इटालियनमधले मूळ आणि अनुवादित लेख वेगळे ओळखायला शिकवलं, आणि ते त्याला चांगलं जमलं. हे अनुवाद माणसांनी केलेले होते. यंत्राच्या अनुवादात ही खूण आणखी ठळक होते. इव्हा व्हानमासेनहोव्ह आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये दाखवलं की यंत्राच्या अनुवादात शब्दांची विविधता घटते: नेहमीचे शब्द अधिक वेळा येतात आणि विरळ शब्द आणखी विरळ होतात. त्याचं कारण यंत्राच्या कामाच्या पद्धतीतच आहे. समोर चार पर्याय असले तर ते सहसा सर्वांत संभाव्य पर्यायाकडे झुकतं. एका वाक्यात त्याने फारसं बिघडत नाही, पण पानभर तेच घडलं की लेखनातले चढउतार सपाट होतात.

गूगलच्या अनुवाद सेवेत मराठी 2013 मध्ये आली आणि 2017 मध्ये न्यूरल पद्धतीवर गेली. त्याच वर्षी ट्रान्सफॉर्मर ही रचना मांडली गेली, आणि तिची पहिली मोठी परीक्षा भाषांतरावरच झाली होती. पुढे संवाद करणारी, निबंध लिहून देणारी मॉडेलंही त्याच रचनेवर उभी राहिली. आपल्या विषयाची सगळी गुंतागुंत या नात्यात आहे. अनुवाद करणारं यंत्र आणि निबंध लिहिणारं यंत्र एकाच कुळातलं आहे, आणि पुढचा शब्द संभाव्यतेवरून निवडण्याची सवय दोघांनाही आहे.

यंत्राचं लेखन पकडू पाहणारे डिटेक्टर बहुतेक याच सवयीवर बोट ठेवतात. हार्वर्ड आणि एमआयटी-आयबीएम प्रयोगशाळेच्या संशोधकांनी 2019 मध्ये केलेलं 'जीएलटीआर' हे साधन प्रत्येक शब्दाला रंग देत असे. मॉडेलच्या अंदाजातल्या पहिल्या दहांत शब्द असेल तर हिरवा, पहिल्या शंभरांत पिवळा, हजारांत लाल, त्याहून अनपेक्षित असेल तर जांभळा. पान हिरवंगार दिसलं की संशय घ्यायचा. नंतरच्या साधनांत 'परप्लेक्सिटी' हा आकडा रूढ झाला. प्रत्येक जागी मॉडेलला चार शब्द सारखेच शक्य वाटत असतील तर हा आकडा 4 येतो, चाळीस वाटत असतील तर 40. आकडा लहान म्हणजे मजकूर अपेक्षित, आणि म्हणून यंत्राचा असावा, असा हा तर्क आहे. आजचे अनेक डिटेक्टर नमुन्यांवरून शिकवलेले असतात, पण त्यांनी उचललेल्या खुणांतही हा सपाटपणा मोठा असतो.

आता एक उदाहरण घेऊ. दुष्काळी तालुक्यातल्या विहिरींवर प्रबंध लिहिणारी एखादी विद्यार्थिनी मराठीत लिहिते: 'विहिरी खोल गेल्या, तसं पाणी हाताला लागेना, मग ज्याच्याकडे बोअरला पैसा, त्याचंच रान हिरवं राहिलं.' यंत्र याचं साधारण असं इंग्रजी करेल, की विहिरी खोल होत गेल्या तसं पाणी अनुपलब्ध झालं. ज्यांच्याकडे कूपनलिकेसाठी पैसे होते केवळ त्यांचीच शेतं हिरवी राहिली. 'हाताला लागेना' यातला स्पर्श गेला. 'रान' शेत झालं. 'त्याचंच' मधल्या 'च'चा जोर 'ओन्ली' या सरळ शब्दात बसला. एका दमात म्हटलेलं वाक्य नीटस दोन वाक्यांत मोडलं. हे इंग्रजी चुकीचं मुळीच नाही, उलट व्याकरणशुद्ध आणि वाचायला सोपं आहे. डिटेक्टरला खटकतो तो हाच नीटसपणा. पण विहिरीची खोली, पैसा आणि हिरवं रान यांच्यातला संबंध तिने शिवारात हिंडून शोधला आहे, आणि तो इंग्रजीत जसाच्या तसा आला आहे. त्या संबंधाला रंग देणारं साधन डिटेक्टरकडे नाही.

यातून एक उलटा परिणामही निघतो. प्रमाण, संस्कृतप्रचुर, अहवालाच्या वळणाचं मराठी यंत्र सफाईने उतरवतं, म्हणून त्याचं इंग्रजी अधिक संशयास्पद ठरण्याचा संभव. ठसठशीत बोलीतल्या वाक्यावर यंत्र अडखळतं, काहीतरी विचित्र शब्द टाकतं, आणि तो विचित्रपणाच डिटेक्टरला माणसाचा वाटू शकतो. अनुवाद जितका चांगला तितका लेखक धोक्यात, अशी ही परिस्थिती आहे.

हा नुसता तर्क नाही. डेबोरा वेबर-वुल्फ आणि त्यांच्या युरोपीय सहकाऱ्यांनी 2023 मध्ये 14 साधनं तपासली. त्यांच्या नमुन्यांत एक वर्ग मुद्दाम असा ठेवला होता, की माणसाने आपल्या भाषेत लिहायचं आणि यंत्राने ते इंग्रजीत आणायचं. माणसाने थेट इंग्रजीत लिहिलेलं ओळखण्यात साधनं बरीच अचूक होती, पण या अनुवादित वर्गात त्यांची अचूकता सुमारे 20 टक्क्यांनी घसरली. त्या भाषांत मराठी नव्हती. बोस्नियन, झेक, लाटव्हियन, स्पॅनिश अशा भाषा होत्या. तरी कारण तेच असल्यामुळे मराठी लेखकाला निराळा न्याय मिळेल असं मानायला आधार नाही. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे 91 टोफेल निबंध सात डिटेक्टरांना दिले, तेव्हा सरासरी निम्म्याहून अधिक निबंध यंत्राचे ठरले. ते निबंध माणसांनीच लिहिले होते, फक्त त्यांचा शब्दसाठा मर्यादित होता.

अनुवाद निर्दोष लेखकाला अडकवतो, तसा दोषी मजकुराला वाटही करून देतो. यंत्राने लिहिलेल्या इंग्रजीत शब्दनिवडीची गुप्त खूण पेरता येते, तिला वॉटरमार्क म्हणतात. पण तो मजकूर एकदा मराठीत नेऊन पुन्हा इंग्रजीत आणला की शब्द बदलतात आणि खूण बरीचशी पुसली जाते. म्हणजे स्वतः शिवार पालथं घालून मराठीत लिहिणारी विद्यार्थिनी संशयित ठरू शकते, आणि तयार निबंध दोन भाषांतून फिरवून आणणारा सुटू शकतो. दोघांच्याही हाती शेवटी यंत्राने शब्द निवडलेलं इंग्रजीच असतं. अंतिम मजकुराकडे कितीही बारकाईने पाहिलं तरी त्यामागचा प्रवास त्यातून खात्रीने वाचता येत नाही.

इथे लेखकपणाचा प्रश्न खऱ्या अर्थाने सुरू होतो. शब्दांची निवड म्हणजे लेखकपण, असं आपल्या परंपरेने कधी मानलं नाही. दिलीप चित्रे यांच्या इंग्रजी अनुवादातला प्रत्येक इंग्रजी शब्द चित्र्यांचा आहे, तरी अभंग तुकोबांचेच राहतात, आणि चित्र्यांचं श्रेय त्यांच्या नावाने वेगळं नोंदवलं जातं. भारताचा 1957 चा कॉपीराइट कायदाही अनुवाद करण्याचा हक्क मूळ कृतीच्या हक्कधारकाकडे ठेवतो, म्हणजे भाषा बदलली तरी मुळाशी असलेलं नातं तुटत नाही. संशोधनाच्या नीतिमत्तेवर काम करणाऱ्या 'कोप' या संस्थेने 2023 मध्ये यंत्राला लेखक म्हणून नाव देता येणार नाही असं सांगितलं, कारण ते मजकुराची जबाबदारी घेऊ शकत नाही. ही कसोटी आपल्या उदाहरणाला लावली तर उत्तर सरळ आहे. विहिरींच्या प्रबंधाची लेखिका ती विद्यार्थिनीच, कारण प्रत्येक विधानामागे तीच उभी राहू शकते. अनुवादाचं काम यंत्राचं, आणि ते तिने सांगायला हवं. माणसाने अनुवाद केला असता तर त्याचं नाव छापलं गेलं असतं. यंत्राच्या बाबतीत गप्प राहण्याची पद्धत पडली, आणि संशयाला जागा तिथूनच झाली.

आपल्या विद्यापीठांत आणखी एक गल्लत होऊ शकते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत वाङ्मयचौर्याची पायरी टक्क्यांवर ठरते, आणि दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. ते टक्के साम्याचे आहेत: अहवालात मूळ स्रोत समोर दिसतो आणि परीक्षक दोन्ही उतारे शेजारी ठेवून वाचू शकतो. डिटेक्टरचे टक्के वेगळे, त्यांच्यामागे ताडून पाहायला दुसरा मजकूरच नसतो. म्हणून साम्याच्या टक्क्यांइतकं वजन त्यांना देणं अन्यायाचं आहे.

तपासायचंच असेल तर पुरावा मराठीत आहे. विद्यार्थ्याने मूळ मराठी मसुदा, त्याच्या आधीचे कच्चे खर्डे, क्षेत्रभेटीच्या वह्या आणि वापरलेल्या अनुवाद साधनाचं नाव प्रबंधासोबत जमा करावं. मार्गदर्शकाने इंग्रजी आणि मराठी परिच्छेद जोडीने वाचावेत. इंग्रजीतल्या एखाद्या बाईंचा उल्लेख मध्येच पुल्लिंगी झाला असेल आणि मराठीत तिथे कर्ता गाळलेला असेल, तर वाट मराठीकडून इंग्रजीकडे आली हे कळतं. 'काळे' आडनावाचं इंग्रजीत रंगात रूपांतर झालं असेल तर तेही तेच सांगतं. उलट, मूळ म्हणून दिलेल्या मराठीतच 'हे लक्षात घेणे महत्त्वाचे आहे', 'महत्त्वपूर्ण भूमिका बजावते' अशी वाक्यं ओळीने येत असतील तर ते मराठी इंग्रजीतून आलं असण्याचा संशय रास्त आहे. संशयच म्हणायचा, कारण आपल्यातली कित्येक माणसंही आता असंच लिहितात. शेवटचा निवाडा तोंडी परीक्षेत व्हावा, आणि ती मराठीत घ्यावी. कोणत्या विहिरीचं पाणी कधी आटलं, कोणी सांगितलं, विरोधी पुरावा काय मिळाला, हे ज्याने काम केलं त्याला सांगता येतं.

मॉस्टेलर आणि वॉलेस यांचा शोध आजही खरा आहे. छोटे शब्द निवडणाऱ्याची खूण सांगतात. फक्त शब्द निवडणारा आणि विचार करणारा हे आता दोन वेगळे असू शकतात. मराठीत विचार करून इंग्रजीत पोचू पाहणाऱ्या संशोधकाला त्याच्या मराठीसकट वाचल्याशिवाय कोणत्याही विद्यापीठाने त्याचं लेखकपण नाकारू नये.